पुरवणीतला ताळेबंद: बारावीच्या एका पुनर्मूल्यांकनाचे प्रकरण

बारावीचा निकाल ५ मे २०२५ रोजी दुपारी ऑनलाइन लागला. ठाण्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयातल्या कॉमर्सच्या विद्यार्थिनीला सहाशेपैकी ४९७ गुण पडले, म्हणजे ८२.८३ टक्के. बाकीच्या पाच विषयांत मिळून ४३२ होते. पुस्तपालन व लेखाकर्म या विषयात, म्हणजे सगळे ज्याला नुसते ‘बीके’ म्हणतात त्यात, फक्त ६५. पूर्वपरीक्षेत याच विषयात तिला ऐंशीच्या वर होते. घरात पहिला शब्द निघाला तो ‘रिचेकिंग’. या एका शब्दात लोक तीन वेगवेगळ्या गोष्टी कोंबतात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

आधी एक सांगून ठेवतो. हे प्रकरण कोणा एकीचे जसेच्या तसे नाही. गुणांच्या तक्रारींत पुन्हा पुन्हा दिसणारे तपशील एकत्र करून ते उभे केले आहे, गुण आणि उत्तरे नमुन्याची आहेत. शुल्क, मुदती, नियम आणि न्यायालयाचे निकाल मात्र खरे आहेत.

तीन अर्ज, तीन कामे

ठाणे जिल्हा राज्य मंडळाच्या मुंबई विभागात येतो आणि या विभागाचे कार्यालय वाशीला आहे. निकालानंतर मंडळ विद्यार्थ्याला तीन गोष्टी देते: गुणपडताळणी, उत्तरपत्रिकेची छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकन. पहिल्या दोन्हींसाठी त्या वर्षी ६ मे ते २० मे ही मुदत होती. अर्ज मंडळाच्या mahahsscboard.in या संकेतस्थळावरून स्वतः किंवा महाविद्यालयामार्फत करायचा आणि पैसेही तिथेच ऑनलाइन भरायचे. गुणपडताळणीला विषयामागे ५० रुपये, छायाप्रतीला ४०० आणि पुनर्मूल्यांकनाला ३००.

गुणपडताळणीत उत्तर बरोबर की चूक हे कोणी पाहत नाही. सगळी उत्तरे तपासली गेली आहेत का, प्रत्येक प्रश्नाच्या गुणांची बेरीज बरोबर आहे का, आतले गुण पहिल्या पानावरच्या तक्त्यात नीट उतरले आहेत का आणि विद्यार्थ्याने लिहिलेल्या संख्येइतक्या पुरवण्या शाबूत आहेत का, एवढेच पाहिले जाते. दहापैकी तीनच का दिले, हा प्रश्न त्यात बसत नाही. तो पुनर्मूल्यांकनात बसतो, आणि पुनर्मूल्यांकनाला छायाप्रत आधी घेतलेली असणे सक्तीचे आहे. छायाप्रत मिळाल्याच्या दिवसापासून कार्यालयीन कामकाजाच्या पाच दिवसांत अर्ज गेला पाहिजे.

त्यामुळे ‘आधी ५० रुपयांत पडताळणी करून बघू, काही निघाले नाही तर पुढचे’ हा घरोघरी होणारा हिशेब महागात पडतो. पडताळणीचे उत्तर येईपर्यंत छायाप्रतीची मुदत उलटते आणि छायाप्रत नाही म्हणून पुनर्मूल्यांकनाचा रस्ताही बंद होतो. या मुलीच्या वडिलांनीही नेमके हेच ठरवले होते. महाविद्यालयातल्या बीकेच्या सरांनी त्यांना थांबवले. सर म्हणाले, “साहेब, दोन्ही अर्ज एकाच वेळी करा. साडेचारशे रुपये जातील, पण पेपर डोळ्यांनी दिसेल. पेपर न बघता भांडणार कशावर?” ९ मे रोजी दोन्ही अर्ज झाले. पैसे भरल्याची पावती आणि अर्जाची प्रत काढून ठेवली.

पूर्वपरीक्षेचा पेपरही अर्जाला जोडावा असे वडिलांना वाटत होते. त्याचा उपयोग शून्य. पुनर्मूल्यांकन करणाऱ्यासमोर फक्त त्या दिवशी लिहिलेली उत्तरपत्रिका असते. आधी किती पडले होते, मुलगी किती हुशार आहे, परीक्षेच्या दिवशी ताप होता का, यातले काहीच तिथे चालत नाही.

छायाप्रत वाचताना

२८ मे रोजी, बुधवारी, छायाप्रत मेलवर आली. मुलीने फाइल उघडली आणि सरळ आपल्याला खटकणारे उत्तर शोधायला सुरुवात केली. सगळे हेच करतात. सरांनी तिला पहिल्या पानावर परत आणले.

पहिल्या पानावर तीन गोष्टी पाहायच्या. अक्षर आणि पेपर आपलाच आहे ना, हे आधी. तपासणाऱ्यापासून ओळख लपावी म्हणून आसनक्रमांक झाकलेला असतो आणि उत्तरपत्रिका बारकोडवर चालते, म्हणून अदलाबदल विरळ असली तरी ती पहिल्या नजरेत कळते. मग पुरवण्यांची संख्या. तिने पहिल्या पानावर ‘१’ लिहिले होते, आणि फाइलमध्ये एका पुरवणीची सगळी पाने होती. शेवटी प्रश्ननिहाय गुणांचा तक्ता. तो असा होता: पहिल्या प्रश्नाला २० पैकी १५, दुसऱ्याला १० पैकी ८, तिसऱ्याला १० पैकी ३, चौथ्याला १० पैकी ७, पाचव्याला ८ पैकी ४, सहाव्याला १० पैकी ५ आणि सातव्याला १२ पैकी ४. बेरीज ४६. त्यात अंतर्गत मूल्यमापनाचे १९ मिळवले की ६५. बेरजेत चूक नाही, आणि एकही रकाना मोकळा नाही.

मोकळा रकाना आणि शून्य यांत फार फरक आहे. शून्य म्हणजे कोणीतरी उत्तर पाहिले आणि गुण दिले नाहीत. मोकळा रकाना म्हणजे बहुधा पाहिलेच नाही, आणि ती चूक पडताळणीतच सुटते. इथे तसे काही नव्हते. म्हणजे अडचण असलीच तर आत होती.

मग आत पानापानावर लाल पेनच्या खुणा शोधायच्या. सातवा प्रश्न भागीदारी संस्थेच्या अंतिम लेख्यांचा. मुलीने मुख्य उत्तरपत्रिकेच्या शेवटच्या पानावर व्यापार खाते आणि नफातोटा खाते मांडले होते. त्यावर टिका होत्या, दोन नोंदींवर फुल्या होत्या आणि समासात ४ लिहिले होते. ताळेबंदाला त्या पानावर जागाच उरली नव्हती. तो पुरवणीत होता, पण पुरवणीच्या पहिल्या पानावर नव्हता. तिथे तिने पाचव्या प्रश्नाचा राहिलेला भाग लिहिला होता. ताळेबंद दुसऱ्या आणि तिसऱ्या पानावर. वर शीर्षक फक्त ‘ताळेबंद’, प्रश्नक्रमांक नाही. मुख्य उत्तरपत्रिकेच्या शेवटी ‘पुढील भाग पुरवणीत’ असेही लिहिलेले नाही.

पुरवणीच्या पहिल्या पानावर लाल खुणा होत्या. दुसऱ्या-तिसऱ्यावर काहीच नव्हते. टीक नाही, फुली नाही, पान पाहिल्याची तिरपी रेघसुद्धा नाही.

सर काही वेळ ती दोन पाने बघत राहिले आणि म्हणाले, “हे वाचलेलंच नाही.” मग लगेच, “पण तूही नंबर घातला नाहीस.”

असे का होते, हे तपासणीच्या जागी बसलेल्या माणसाला कळते. परीक्षकासमोर एकामागून एक उत्तरपत्रिका असतात आणि त्याची नजर प्रश्नक्रमांकामागे धावते. सातव्याला ४ दिले, पुरवणीत पाचवा प्रश्न दिसला, तो तपासला, पुढे नवा क्रमांक दिसला नाही, पान उलटले. वर नियामक असतो, त्याच्यावर मुख्य नियामक, पण नियामक सगळ्याच उत्तरपत्रिका नव्याने तपासत नाही, काहीच पाहतो. ही उत्तरपत्रिका त्या काहींत आली नसेल, किंवा आली असली तरी तक्ता पूर्ण दिसल्याने पुढे गेली असेल.

तिसऱ्या प्रश्नातले नऊ हजार

तिसरा प्रश्न भागीदारी विसर्जनाचा, १० पैकी ३. मुलीचे म्हणणे होते की वसुली खाते, भांडवल खाती आणि बँक खाते अशी तिन्ही मांडली आहेत आणि बँक खाते जुळलेही आहे, तरी तीनच कसे? सरांनी नमुना उत्तराशी आकडे लावून पाहिले. वसुलीवरचा तोटा तिच्याकडे ९,००० ने जास्त येत होता. फरकाला ९ ने पूर्ण भाग जातो म्हटल्यावर हिशेबनिसाचा पहिला संशय आकड्यांच्या अदलाबदलीवर जातो. तसेच निघाले. यंत्रसामग्री विकून आलेले ५४,००० तिने ४५,००० लिहिले होते.

ती एक नोंद चुकली. तिच्यामुळे तोटा बदलला. ३:२:१ या प्रमाणात तो तिन्ही भागीदारांच्या भांडवल खात्यांत ४,५००, ३,००० आणि १,५०० ने जास्त गेला, आणि बँक खात्याची बेरीजही तेवढीच खाली आली. पण पुढची प्रत्येक पायरी तिच्या स्वतःच्या आकड्याशी सुसंगत होती, आणि बँक खाते जुळले ते त्याचमुळे. एका चुकीची शिक्षा एकदाच व्हावी आणि पुढच्या पायऱ्यांना पायरीचे गुण मिळावेत, हा हिशेबाच्या विषयात धरला जाणारा नियम आहे. इथे शेवटचे आकडे जुळले नाहीत म्हणून पुढचे गुण कापलेले दिसत होते. सरांच्या मते इथे सहा मिळायला हवे होते.

मुलीच्या यादीत आणखी दोन तक्रारी होत्या. पहिल्या प्रश्नातले एक वस्तुनिष्ठ उत्तर तिला बरोबर वाटत होते, ते चूकच होते. पाचव्या प्रश्नात आपल्याला सात मिळायला हवे होते असे ती म्हणत होती. सरांनी वाचले आणि चारच योग्य आहेत असे सांगितले. वडिलांचा आग्रह होता की सगळेच लिहून द्या, काहीतरी लागेलच. सर तयार झाले नाहीत. चार कच्च्या तक्रारींच्या गर्दीत दोन पक्क्या हरवतात, आणि जे आपल्यालाच पटत नाही त्याखाली आपण सही करणार नाही, एवढेच ते म्हणाले. मला हे फार पटते. पुनर्मूल्यांकनाच्या अर्जावर शिक्षकाचा अभिप्राय ही औपचारिकता समजून ‘गुण कमी मिळाले आहेत, पुनर्तपासणी व्हावी’ असे एक वाक्य लिहून देणारे शिक्षक कमी नाहीत. त्या वाक्यातून परीक्षकाला कुठे पाहायचे हे कळत नाही.

सरांनी लिहिले ते असे: “प्रश्न ७: व्यापार व नफातोटा खाते मुख्य उत्तरपत्रिकेच्या शेवटच्या पानावर असून त्यास ४ गुण दिले आहेत. याच प्रश्नाचा ताळेबंद पुरवणीच्या पान २ व ३ वर आहे. या दोन पानांवर तपासणीची कोणतीही खूण नाही. प्रश्न ३: यंत्रसामग्रीच्या वसुलीची रक्कम ५४,००० ऐवजी ४५,००० लिहिली आहे. त्यानंतरच्या नोंदी त्या रकमेशी सुसंगत आहेत. पायरीनिहाय गुणदान व्हावे ही विनंती.” खाली सही, त्यावर प्राचार्यांची सही आणि शिक्का. परीक्षकावर आरोप नाही, मुलीच्या भवितव्याचा उल्लेख नाही, आणि तिची स्वतःची चूक लपवलेलीही नाही.

पाच दिवस मोजायचे कसे

छायाप्रत बुधवारी, २८ मे रोजी आली. दुसऱ्या दिवसापासून मोजले तर २९ आणि ३० मे, मध्ये शनिवार-रविवार सुटीचे, मग २, ३ आणि ४ जून. पण नियमात शब्द आहेत ‘मिळाल्याच्या दिवसापासून’. मिळाल्याचा दिवस धरला तर मुदत ३ जूनलाच संपते. सरांनी कडक मोजणी धरली आणि अर्ज २ जूनला पाठवायचा असे ठरवले. मेल संध्याकाळी आला तरी तारीख तीच धरली जाते, म्हणून मेलची तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉटही ठेवला.

या पाच दिवसांच्या मध्ये दोन दिवस सुट्यांचे येतात आणि मे महिन्यात अर्धे शिक्षक गावाला असतात. छायाप्रत हातात आहे पण विषयशिक्षक कोकणात, ही अडचण दर वर्षी येते. म्हणून छायाप्रतीचा अर्ज करतानाच सरांना फोन करून ‘या काळात तुम्ही कुठे असाल’ हे विचारून ठेवावे. अर्ज एकदा मुदतीबाहेर गेला की त्यात किती तथ्य आहे हे कोणी बघत नाही.

पडताळणीचे उत्तर

जूनच्या पहिल्या आठवड्यात गुणपडताळणीचे उत्तर आले: गुणांत बदल नाही.

ताळेबंदाच्या दोन पानांवर तपासणीची एकही खूण नसताना असे कसे, हा वडिलांचा प्रश्न रास्त होता. पण पडताळणी कशी होते ते पाहिले की उत्तर सापडते. सातव्या प्रश्नाला ४ गुण आहेत, म्हणजे तो तपासला. बेरीज बरोबर. तक्ता बरोबर. पुरवणी एक लिहिली, एक आहे. चारही कसोट्यांवर उत्तरपत्रिका उतरते. अख्खा प्रश्न तपासायचा राहिला असता तर पडताळणीत सापडला असता. प्रश्नाचा अर्धा भाग राहिला तर तो तपासलेला आणि न तपासलेला यांच्या मधल्या फटीत जातो. माझ्या मते ‘सगळी उत्तरे तपासली आहेत का’ या कसोटीतच हे बसायला हवे. लिहिलेल्या प्रत्येक पानावर परीक्षकाची खूण आहे का एवढे पाहिले तरी अशी प्रकरणे ५० रुपयांत सुटतील. सध्या ती सुटण्यासाठी ७५० रुपये आणि एक जागरूक शिक्षक लागतो.

सुदैवाने हे उत्तर यायच्या आधीच, २ जूनला, पुनर्मूल्यांकनाचा अर्ज गेला होता. पडताळणीची वाट पाहिली असती तर तो कधीच गेला नसता.

मधल्या काळातले प्रवेश

पदवीचे प्रवेश यासाठी थांबत नाहीत. मुंबई विद्यापीठाच्या महाविद्यालयांच्या गुणवत्ता याद्या त्या वर्षी मेच्या शेवटच्या आठवड्यापासून लागायला लागल्या, म्हणजे छायाप्रत हातात आली तेव्हाच. याद्या हातातल्या गुणपत्रिकेवर लागतात. पुनर्मूल्यांकन चालू आहे म्हणून जागा राखून ठेवली जात नाही. शिवाय ठाण्यातल्या नावाजलेल्या महाविद्यालयांत स्वतःच्या कनिष्ठ महाविद्यालयातल्या मुलांना आधी प्रवेश मिळतो, त्यामुळे बाहेरच्यांसाठी कट-ऑफ आणखी वर चढतो.

या मुलीला हव्या असलेल्या महाविद्यालयाची खुल्या गटाची तिसरी यादी ८३ टक्क्यांच्या थोडी वर थांबली. ती ८२.८३ वर. तिने दुसऱ्या महाविद्यालयात, जिथे नाव लागले तिथे, फी भरून प्रवेश घेतला. हा निर्णय बरोबरच होता. काही पालक निकाल बदलेल या भरवशावर कुठेच प्रवेश घेत नाहीत आणि जुलैत दोन्ही हातांनी रिकामे राहतात. गुण वाढतील, तेवढेच राहतील किंवा कमीही होतील, हे धरूनच अर्ज करायचा असतो.

तिच्या वर्गातला एक मुलगा गणितात नापास झाला होता. त्याची गोष्ट वेगळी. त्याने पुनर्मूल्यांकनासोबतच पुरवणी परीक्षेचा अर्जही भरला, कारण ती परीक्षा २४ जूनपासून होती. नापासाने पुनर्मूल्यांकनाच्या भरवशावर पुरवणी परीक्षा सोडू नये. उत्तीर्ण झालेल्यांनाही श्रेणीसुधार योजनेत लगतच्या तीन संधी असतात, पण कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतलेली मुलगी पाच-सात गुणांसाठी पुन्हा परीक्षेला बसत नाही.

निकाल

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात पुनर्मूल्यांकनाचा निकाल आला. लेखी ४६ चे ५१ झाले. विषयाचे ७०, एकूण ५०२, टक्केवारी ८३.६७. हव्या त्या महाविद्यालयाची यादी आता तिला लागली असती, पण तिथे जागा उरली नव्हती. सुधारित गुणपत्रिका आणि वाढलेले गुण तिचेच राहिले, प्रवेश मात्र गेला.

उत्तरात कोणत्या प्रश्नाला किती वाढले हे नव्हते. सरांना अपेक्षित होते त्यापेक्षा तीन गुण कमी आले, ते कुठे कमी झाले हेही नव्हते. वडील चिडले. पहिल्यांदा ते ग्राहक मंचाची भाषा बोलले. तिथे काहीच होत नाही. परीक्षा घेणारे मंडळ सेवा विकत नाही आणि परीक्षार्थी ग्राहक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये बिहारच्या परीक्षा मंडळाच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. मग ते उच्च न्यायालयाविषयी विचारू लागले.

न्यायालयाची भूमिका समजायला थोडे मागे जावे लागते, आणि योगायोगाने हा इतिहास आपल्याच मंडळाचा आहे. बारावीच्या विनियमांत १०४ क्रमांकाचा एक विनियम होता. त्यात फक्त गुणपडताळणी दिली होती, पुनर्मूल्यांकन आणि उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क साफ नाकारला होता. मुंबई उच्च न्यायालयाने ही मनाई रद्द केली. मंडळ सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९८४ मध्ये परितोष भूपेशकुमार शेठ प्रकरणात जिंकले. लाखो उत्तरपत्रिकांचा निकाल कधीतरी अंतिम व्हायला हवा, आणि परीक्षा कशा घ्यायच्या याचा निर्णय शिक्षणातल्या माणसांवर सोडावा, असा त्या निकालाचा कल होता. आज मंडळ स्वतःच छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकन देते, म्हणून तो निकाल जुना वाटतो. पण न्यायालयांचा कल फारसा बदललेला नाही. २०१७ च्या रणविजय सिंह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, जिथे नियम पुनर्मूल्यांकन देत नाही तिथे न्यायालयाने ते फक्त विरळ प्रकरणांत द्यावे, तेही कोणताही तर्क न लढवता चूक उघड दिसत असेल तरच. तपासायची राहिलेली दोन पाने या कसोटीला कदाचित उतरली असती, पण ती आता तपासली गेली होती. ‘तिसऱ्या प्रश्नाला सहा हवेत’ हा मतभेद आहे, आणि मतभेदावर न्यायालय शिक्षकाच्या खुर्चीत बसत नाही.

विद्यार्थ्याच्या हातात खरे बळ आले ते २०११ मध्ये. आदित्य बंदोपाध्याय प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की तपासलेली उत्तरपत्रिका ही माहितीच्या अधिकारातली ‘माहिती’ आहे, आणि विद्यार्थ्याला ती पाहता येते, तिची प्रत घेता येते. परीक्षकाचे नाव मात्र मिळत नाही. त्याच्या सुरक्षेसाठी ते झाकले जाते, आणि ते योग्यच आहे. नाहीतर मे महिन्यात परीक्षकांच्या दारात रांगा लागतील. त्याच निकालात एक मर्यादाही आहे: हा हक्क मंडळ उत्तरपत्रिका जपून ठेवते तेवढ्याच काळापुरता. ती नष्ट झाली की मागायला काही उरत नाही. म्हणून वर्षाच्या शेवटी अर्ज करून उपयोग नसतो.

सरांनी वडिलांना हाच मार्ग सुचवला. जुलै संपायच्या आत वाशीच्या विभागीय कार्यालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे अर्ज गेला: पुनर्मूल्यांकनानंतरच्या उत्तरपत्रिकेची प्रत मिळावी, परीक्षकाचे नाव व सही झाकून. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, प्रतीचे पानामागे दोन रुपये. ‘गुण वाढवून द्या’ असे त्यात एका शब्दाने लिहिले नाही, कारण माहिती अधिकाऱ्याकडे तो अधिकारच नसतो आणि अशा मागणीने अर्ज निकालात निघतो. उत्तराला कायद्याने ३० दिवस. ते न मिळाल्यास ३० दिवसांत पहिले अपील.

अपिलाची गरज पडली नाही. ऑगस्टच्या अखेरीस प्रत आली. पुरवणीच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या पानावर आता टिका होत्या आणि सातव्या प्रश्नाचे ४ चे ८ झाले होते. दायित्वाच्या बाजूला उचल आणि भांडवलावरचे व्याज यांची एकेक नोंद चुकलेली होती, त्याचे गुण कापलेले दिसत होते. तिसऱ्या प्रश्नाला ३ चे ४. भांडवल खात्यांच्या पायऱ्यांना अर्धा-अर्धा गुण दिला होता, बँक खात्याला काहीच नाही. सरांनी ते पाहिले, अजून एक गुण यायला हरकत नव्हती म्हणाले, आणि फाइल मुलीला परत दिली. सुधारित गुणपत्रिकेची प्रत तिने नव्या महाविद्यालयाच्या कार्यालयात नोंदीसाठी दिली.